स्टार्टअपच्या ऑफरमधील ईसॉप: ‘बारा लाखांचे ऑप्शन’ प्रत्यक्षात किती रुपयांचे, हे टप्प्याटप्प्याने कसे काढावे

नागपुरात राहून बंगळुरू किंवा पुण्याच्या स्टार्टअपसाठी घरून काम करणाऱ्यांची संख्या वाढल्यापासून माझ्याकडे ऑफर लेटर वाचून घ्यायला येणारी मुलेही वाढली आहेत. बहुतेकांची चूक एकच असते. पत्रात लिहिलेला ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर घेऊ देणाऱ्या ऑप्शनचा, चार वर्षांसाठीचा आकडा ते चारने भागतात, वार्षिक पगारात मिळवतात आणि ती बेरीज दुसऱ्या कंपनीच्या पगारासमोर ठेवतात. हा हिशोब कुठे कुठे चुकतो आणि योग्य क्रमाने कसा करायचा, ते माझ्या भाचीच्या ऑफरवरून सांगतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

तिच्यासमोर दोन पर्याय होते. बंगळुरूचे स्टार्टअप 18 लाख रुपये पगार आणि ‘12 लाख रुपयांचे ईसॉप, चार वर्षांत’ देत होते, तर नागपुरातल्याच मिहानमधली एक जुनी कंपनी 20 लाख रुपये पगार देत होती, पण ऑप्शन काहीच नव्हते. त्रिमूर्तीनगरातल्या घरी जेवणाच्या टेबलावर तिने दोन्ही पत्रे शेजारी ठेवली आणि म्हणाली, “मामा, 18 अधिक 3 म्हणजे 21. मग विचार कशाचा करायचा?”

## टप्पा 1: आधी कागद गोळा करा, आकडेमोड नंतर

ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या किमतीला पुढे कधीतरी शेअर विकत घेण्याचा तो हक्क आहे आणि त्या हक्काच्या सगळ्या अटी ऑफर लेटरच्या एका ओळीत मावत नाहीत. त्या तीन कागदांत विखुरलेल्या असतात: ऑफर लेटर, ग्रँट लेटर आणि कंपनीच्या ईसॉप योजनेची प्रत. ऑप्शन प्रत्यक्ष दिल्याचे ग्रँट लेटर सहसा रुजू झाल्यानंतर मिळते, परंतु योजनेची प्रत सही करण्यापूर्वी मागता येते आणि मागावीच. ती वाचायला दिली नाही, तर पुढचा सगळा हिशोब अंदाजावर अंदाज रचल्यासारखा होतो.

त्याबरोबर एचआरला चार गोष्टी लेखी विचाराव्यात. ऑप्शनची नेमकी संख्या किती? एका ऑप्शनची एक्सरसाइज किंमत, म्हणजे शेअर घेताना भरायची रक्कम, किती? पूर्ण डायल्युटेड हिशोबाने, म्हणजे गुंतवणूकदारांचे सर्व प्रेफरन्स शेअर आणि कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेला अख्खा ईसॉप पूल धरून, कंपनीचे एकूण शेअर किती? गेल्या गुंतवणुकीच्या वेळी शेअरची किंमत काय होती आणि किती रक्कम आली?

भाचीला उत्तर मिळायला पाच दिवस लागले. 2,000 ऑप्शन, एक्सरसाइज किंमत 100 रुपये, एकूण शेअर 25 लाख. गेल्या फेरीत गुंतवणूकदारांनी 600 रुपये दराने 4 लाख शेअर घेऊन 24 कोटी रुपये घातले होते. बारा लाखांचा उगम इथेच दिसतो, कारण 2,000 गुणिले 600 म्हणजे 12 लाख.

पडताळणी: खासगी कंपनीने शेअर वाटप केले की तिला PAS-3 हा फॉर्म सरकारकडे भरावा लागतो आणि तो कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून पाहता येतो. त्यात गुंतवणूकदारांना शेअर कोणत्या दराने दिले ते असते. एचआरने सांगितलेली किंमत त्याच्याशी जुळते का, ते पाहावे.

सावधान: एकूण शेअरची संख्या सांगायला कंपनी तयार नसेल, तर 2,000 हा आकडा निरर्थक आहे. 25 लाखांपैकी 2,000 म्हणजे 0.08 टक्के, अडीच कोटींपैकी 2,000 म्हणजे त्याचा दहावा भाग.

## टप्पा 2: एक्सरसाइज किंमत वजा करा

हा टप्पा छोटा आहे, तरी बहुतेक जण तो गाळतात. शेअर 600 रुपयांचा असला, तरी तो घ्यायला तुम्हाला 100 रुपये द्यायचे आहेत, त्यामुळे एका ऑप्शनमागे फायदा 500 रुपयांचा. बारा लाखांचे इथेच दहा लाख झाले.

आपल्याकडे अनेक कंपन्या एक्सरसाइज किंमत शेअरच्या दर्शनी मूल्याइतकी, म्हणजे 1 किंवा 10 रुपये ठेवतात, तेव्हा हा फरक किरकोळ राहतो. काही कंपन्या मात्र ती गेल्या फेरीच्या किमतीला ठेवतात. तसे असेल तर आजच्या घडीला ऑप्शनचा फायदा शून्य आहे आणि जे काही मिळेल ते पुढच्या वाढीतूनच.

## टप्पा 3: व्हेस्टिंगचे घड्याळ कोणत्या तारखेपासून चालते, ते पाहा

ऑप्शन चार वर्षांत व्हेस्ट होणार, म्हणजे हप्त्याहप्त्याने आपले होणार, आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ आहे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. क्लिफ म्हणजे पहिले वर्ष पुरे होण्याआधी सोडले तर काहीही नाही, आणि पुरे झाले की 25 टक्के एकदम हाती. जे ठाऊक नसते ते असे की हे वर्ष रुजू होण्याच्या तारखेपासून नव्हे, तर ग्रँटच्या तारखेपासून मोजले जाते. ऑफर लेटरमध्ये बारकाईने पाहिले तर सहसा ‘संचालक मंडळाच्या मंजुरीच्या अधीन’ असे शब्द सापडतात. ती मंजुरी मिळून ग्रँट होईपर्यंत तुमच्याकडे ऑप्शन नसतातच. कंपनी कायद्याखालील 2014 च्या नियमांनुसार ग्रँट आणि व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचे अंतर असावेच लागते, त्यामुळे भारतीय खासगी कंपनीने मनात आणले तरी ती हे अंतर कमी करू शकत नाही.

याचा चटका मला स्वतःला बसला आहे. मी एका कंपनीत जूनमध्ये रुजू झालो आणि ग्रँट लेटर हाती पडले नोव्हेंबरमध्ये. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये, पंधरा महिने काम करून, मी नोकरी सोडली आणि पाव हिस्सा आपला झाला असे समजत राहिलो. शेवटच्या हिशोबाच्या पत्रकात ऑप्शनच्या रकान्यापुढे शून्य होते. कंपनीची चूक नव्हती; पत्रावरची तारीख मी कधी वाचलीच नव्हती.

म्हणून पत्रावर सही करण्यापूर्वी ‘रुजू झाल्यापासून किती दिवसांत ग्रँट होईल?’ हे विचारून उत्तर ईमेलवर घ्यावे. साठ दिवसांच्या आत हे उत्तर मला रास्त वाटते. ‘पुढच्या फेरीनंतर पाहू’ असे उत्तर आले, तर ऑप्शन हिशोबातून वगळूनच निर्णय घ्यावा.

क्लिफनंतरचे व्हेस्टिंग दरमहा, दर तिमाहीला की वर्षातून एकदा, हेही पाहावे. भाचीच्या योजनेत ते वर्षातून एकदा होते, म्हणजे दर वर्षी 500 ऑप्शन. अशा योजनेत दोन वर्षे अकरा महिन्यांनी नोकरी सोडणाऱ्याला दोनच वर्षांचे मिळते.

## टप्पा 4: कंपनी विकली गेली तर तुमचा नंबर कितवा?

बाराचे दहा झाले तरी तो आकडा अजून फसवाच आहे, कारण 600 रुपये ही गुंतवणूकदाराच्या शेअरची किंमत आहे आणि तुम्हाला मिळणारा शेअर तसा नसतो. गुंतवणूकदार प्रेफरन्स शेअर घेतात. कंपनी विकली गेली तर त्यांना एक निवड असते. आपण घातलेली रक्कम आधी उचलायची, किंवा आपले शेअर साध्या शेअरमध्ये बदलून सगळ्यांच्या बरोबरीने वाटा घ्यायचा. ज्यात जास्त मिळेल ते ते निवडतात. संस्थापक आणि कर्मचारी साध्या शेअरच्या रांगेत, म्हणजे मागे उभे असतात.

भाचीच्या कंपनीने येत्या दोन वर्षांत आणखी एक फेरी केली असे धरू. गुंतवणूकदार 70 कोटी रुपये घालतील आणि त्यांना कंपनीचा 20 टक्के हिस्सा मिळेल. म्हणजे 6 लाख 25 हजार नवे शेअर निघतील, एकूण शेअर 31 लाख 25 हजार होतील, एका शेअरची किंमत 1,120 रुपये आणि कंपनीचे मूल्यांकन 350 कोटी. बातमी छापून येईल, पेढे वाटले जातील. परंतु त्याच दिवशी रांगेत पुढे असलेली रक्कम 24 कोटींवरून 94 कोटी होईल.

आता समजा, त्यानंतर धंदा मंदावला आणि कंपनी 150 कोटींना विकली गेली. आजचे मूल्यांकनही 150 कोटीच आहे (25 लाख गुणिले 600), म्हणून कोणालाही वाटेल की शेअर 600 रुपयांना गेला. प्रत्यक्षात गुंतवणूकदार आधी 94 कोटी घेतील आणि उरलेले 56 कोटी गुंतवणूकदारांचे 4 लाख आणि 6 लाख 25 हजार शेअर सोडून राहिलेल्या साध्या 21 लाख शेअरमध्ये वाटले जातील. एका शेअरला सुमारे 267 रुपये. त्यातून 100 रुपये वजा केले की 2,000 ऑप्शनचे 3 लाख 34 हजार राहतात.

हाच हिशोब उलटा केला की सर्वांत उपयोगी आकडा मिळतो. साध्या शेअरला 100 रुपयांपेक्षा जास्त मिळण्यासाठी 94 कोटींवर आणखी 21 कोटी हवेत. म्हणजे कंपनी 115 कोटींना विकली गेली तरी भाचीचे ऑप्शन शून्य रुपयांचे. ही शून्य-रेषा प्रत्येकाने आपल्या ऑफरसाठी काढावी.

सावधान: वरचा हिशोब गुंतवणूकदारांना घातलेल्या रकमेच्या एकपटच आधी मिळते, असे धरून आहे. काही करारांत ती दुप्पट असते, तर काहींत रक्कम उचलूनही उरलेल्यात वाटा मिळतो. हे एचआरला माहीत नसते. संस्थापकांशी शेवटचे बोलणे होते तेव्हा थेट विचारावे.

## टप्पा 5: चार शक्यता मांडून सरासरी काढा

भविष्य कोणालाच दिसत नाही, परंतु एकच आकडा धरण्यापेक्षा चार धरणे बरे. आम्ही वहीच्या एका पानावर हे मांडले.

पहिली शक्यता, कंपनी बंद पडते किंवा शून्य-रेषेखाली विकली जाते, तेव्हा मिळकत शून्य. दुसरी, 150 कोटींना विक्री, 3 लाख 34 हजार. तिसरी, 350 कोटींना विक्री. इथे सर्वांना शेअरमागे 1,120 रुपये पडतात, म्हणून 20 लाख 40 हजार. चौथी, आणखी 20 टक्के हिस्सा देणारी एक फेरी होऊन कंपनी 1,000 कोटींच्या मूल्याने शेअर बाजारात उतरते. तेव्हा एकूण शेअर सुमारे 39 लाख होतात, किंमत 2,560 रुपये पडते आणि मिळकत 49 लाख 20 हजार.

या शक्यतांना मी अनुक्रमे 60, 25, 12 आणि 3 टक्के दिले. हे माझे मत आहे, मोजमाप नव्हे. कंपनीचा महसूल आणि हातातली रोकड पाहून तुम्ही वेगळे टक्के द्याल आणि द्यावेत. प्रत्येक रकमेला तिच्या टक्क्याने गुणून बेरीज केली की सुमारे 4 लाख 76 हजार येतात. ही चारही वर्षे टिकून राहिल्याची, करापूर्वीची रक्कम आहे. दोन वर्षांत नोकरी बदलली तर तिच्या निम्मी.

या बेरजेकडे एकदा निरखून पाहा. तिच्यातला चार पंचमांशाहून मोठा भाग शेवटच्या दोन शक्यतांतून आला आहे, ज्या एकत्र धरूनही शंभरांत पंधराच वेळा घडतील. म्हणून 4 लाख 76 हजार ही ‘मिळणारी’ रक्कम नव्हे. बहुधा काहीच मिळणार नाही आणि क्वचित खूप मिळेल, हे त्या आकड्याचे खरे रूप आहे. गृहकर्जाचा हप्ता या पैशावर बेतू नये.

## टप्पा 6: नोकरी सोडताना खिशातून किती जाईल, ते आजच काढा

सर्वांत महाग चूक इथे होते. नोकरी सोडली की व्हेस्ट न झालेले ऑप्शन संपतात आणि व्हेस्ट झालेले एक्सरसाइज करायला योजनेत लिहिलेली मुदत मिळते. अनेक योजनांत ती अवघी 90 दिवस असते. त्या मुदतीत एक्सरसाइज किंमत तर भरावी लागतेच, शिवाय करही भरावा लागतो, कारण एक्सरसाइजच्या दिवशी शेअरचे बाजारमूल्य आणि तुम्ही दिलेली किंमत यांतला फरक पगाराचे उत्पन्न मानला जातो. शेअर बाजारात नोंदलेला नसेल तर हे मूल्य मर्चंट बँकर ठरवतो. शेअर विकता येत नसला तरी कर चुकत नाही.

भाचीने तीन व्हेस्टिंगनंतर नोकरी सोडली असे धरू. तिच्याकडे 1,500 ऑप्शन आहेत आणि मर्चंट बँकरने साध्या शेअरचे मूल्य 700 रुपये ठरवले आहे. एक्सरसाइजसाठी दीड लाख रुपये लागतील. फरक 600 रुपये, म्हणून करपात्र रक्कम 9 लाख. तोवर तिचे बाकीचे करपात्र उत्पन्न नव्या करप्रणालीतील 24 लाखांच्या टप्प्यावर गेलेले असेल, तर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर धरून 2 लाख 80 हजार 800 रुपये कर. एकूण 4 लाख 30 हजार 800 रुपये तिने 90 दिवसांत उभे करायचे.

पुढे कंपनी त्याच 150 कोटींना विकली गेली, तर 267 रुपये दराने हाती येतील 4 लाख 500. शेअर शंभरला घेऊन 267 ला विकला आणि तरीही तीस हजारांचा तोटा झाला! 700 आणि 267 यांतला फरक भांडवली तोटा म्हणून दाखवता येतो, परंतु तो पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. इतर भांडवली नफ्यातूनच होतो, आणि तसा नफा नसेल तर पुढच्या आठ वर्षांपर्यंत ओढता येतो. भरलेला 2 लाख 80 हजारांचा कर परत येत नाही.

सावधान: ‘स्टार्टअपमध्ये हा कर पाच वर्षे पुढे ढकलता येतो’ असे एचआर सांगते. ही सवलत खरी आहे, पण दोन अडचणी आहेत. ती प्रत्येक स्टार्टअपला नसते: सरकारी नोंदणीचे प्रमाणपत्र पुरत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र लागते, तेव्हा ते आहे का हे नेमके विचारावे. आणि नोकरी सोडली की सवलत तिथेच संपते, म्हणजे जिला ती सर्वांत जास्त हवी असते त्या सोडून जाणाऱ्या व्यक्तीला तिचा उपयोग नाही.

म्हणून एक्सरसाइजची मुदत हा माझ्या मते ऑप्शनच्या संख्येइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. ज्या योजना सोडून गेलेल्यांना काही वर्षे किंवा थेट कंपनीच्या विक्रीपर्यंत मुदत देतात, त्यांत ही कोंडी होतच नाही. तेव्हा विक्रीच्या दिवशीच फरकाची रक्कम मिळते आणि त्यातूनच कर कापला जातो. मुदत योजनेतच ठरलेली असते, एकट्या कर्मचाऱ्यासाठी एचआर ती सहसा वाढवू शकत नाही, म्हणून योजनेची प्रत आधी वाचायची.

## टप्पा 7: आता दोन ऑफर शेजारी ठेवा

दोन्ही बाजू हाती येणाऱ्या रुपयांत मांडल्या तरच तुलना होते. मिहानच्या कंपनीचे जास्तीचे 2 लाख, चार वर्षांचे 8 लाख. उत्पन्नाच्या या टप्प्यावर कर आणि उपकर मिळून 20.8 टक्के, म्हणून हाती सुमारे 6 लाख 30 हजार. ऑप्शनचे 4 लाख 76 हजार, त्यातून 31.2 टक्के कर गेला की सुमारे 3 लाख 30 हजार. आणि हे पैसे पाच-सात वर्षांनी, तेही बेभरवशाचे.

भाची बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मग किती ऑप्शन असते तर बरोबरी झाली असती?” योग्य प्रश्न तो हाच. त्याच हिशोबाने उत्तर येते सुमारे 3,900.

तिने स्टार्टअपला तसे पत्र लिहिले. ‘जास्त द्या’ एवढेच न लिहिता 94 कोटींची रांग, 115 कोटींची शून्य-रेषा आणि 3,900 हा आकडा मांडला. संस्थापकांनी स्वतः फोन केला. 3,900 मिळाले नाहीत. 3,000 ऑप्शन आणि 18 लाख 50 हजार पगार यावर बोलणे थांबले. पगारातला फरक दीड लाखावर आल्याने चार वर्षांत हाती येणारी तफावत सुमारे पावणेपाच लाख उरली आणि 3,000 ऑप्शनचा करानंतरचा अंदाज 4 लाख 90 हजार झाला. तराजू जेमतेम समतोल झाला आणि काम तिला आवडणारे होते, म्हणून तिने होकार दिला.

सुधारित पत्रात तिने दोन वाक्ये मागून घेतली: ऑप्शनची संख्या रुपयांत नव्हे तर आकड्यात, आणि रुजू झाल्यापासून 60 दिवसांत ग्रँट. 90 दिवसांची मुदत मात्र बदलली नाही. त्यासाठी तिने पहिल्या व्हेस्टिंगपासून वेगळे आवर्ती खाते उघडायचे ठरवले आहे, म्हणजे सोडायची वेळ आली तर एक्सरसाइज करायचे की ऑप्शन सोडून द्यायचे, हे खिशात पैसे नाहीत म्हणून ठरणार नाही.